तक्त्यातली नववी ओळ

वरच्या ओळीत पाच, एक, आठ. मधल्या ओळीत तीन, मग रिकामी जागा, मग सहा. खाली दोन, सात, चार.

ही मांडणी मी डोक्यातून काढली. डोंबिवलीच्या आमच्या घरी, दुपारी चारच्या सुमारास, समोर आई मेथी निवडत बसलेली असताना. दोनेक मिनिटं लागली असतील. त्या दोन मिनिटांमुळे पुढे मी काय केलं, ते सगळं आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. फक्त बायकोला, तेही गेल्या महिन्यात पहिल्यांदा. ती म्हणाली, लिहून काढ. म्हणून लिहितोय.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, कॉम्प्युटर शाखेत. आमच्याकडे प्रॅक्टिकलसाठी दोघादोघांच्या जोड्या पाडत. माझा जोडीदार कल्याणच्या खाडीकाठच्या एका कोळी गावातला होता. वडील आणि काका खाडीत जाळं टाकत, मोठी बहीण बाजारात मासळी घेऊन बसे. घराण्यात दहावीच्या पुढे गेलेला हा पहिलाच. वर्गात हात वर करून उत्तर द्यायचा नाही, पण मशीनसमोर बसला की त्याच्याइतकं शांत कोणी नसे. मी उलट. बोलण्यात पुढे, मशीनवर मागे. आमच्या घरात सगळे पदवीधर, सगळे नोकरदार. नापास हा शब्द आमच्याकडे शेजारच्यांबद्दल बोलतानाच वापरला जायचा.

त्या वर्षी त्याला मुंबईतल्या एका कंपनीने नोकरीचं पत्र दिलं होतं. वर्गातल्या पाचजणांना मिळालं, त्यात तो एक, मी नाही. अट एकच होती: सगळे विषय पहिल्या फटक्यात सुटले पाहिजेत. एकही राहिला तर पत्र रद्द. त्याच्या बहिणीने ते पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या फळीवर ठेवलेलं मी पाहिलं आहे.

आमच्या वाट्याला आलेलं प्रॅक्टिकल म्हणजे आठ फरश्यांचं कोडं. लहानपणी जत्रेत मिळायचं तसलं: तीन बाय तीनची चौकट, एक ते आठ आकड्यांच्या सरकत्या फरश्या, एक जागा रिकामी. फरश्या सरकवत सगळे आकडे क्रमाने लावायचे, रिकामी जागा शेवटी. हे प्रोग्रामने सोडवायचं, ए-स्टार पद्धतीने. म्हणजे वाटेतल्या प्रत्येक मांडणीपाशी, तिला स्थिती म्हणत, दोन आकड्यांची बेरीज करायची: इथवर यायला किती चाली झाल्या, आणि इथून पुढे निदान किती लागतील याचा अंदाज. ज्या स्थितीची बेरीज सगळ्यांत कमी, ती आधी उघडायची, म्हणजे तिथून पुढच्या चाली बघायच्या. सगळा खेळ त्या अंदाजाचा. आम्हाला दोन अंदाजांची तुलना करायची होती. पहिला भोळा: किती फरश्या चुकीच्या जागी आहेत तेवढ्या मोजायच्या. दुसऱ्याला मॅनहॅटन अंतर म्हणत: प्रत्येक फरशी आपल्या जागेपासून आडव्याउभ्या किती घरं लांब आहे ते मोजून सगळ्यांची बेरीज करायची.

प्रोग्राम त्याने लिहिला. सगळा. मी शेजारी बसून चहा आणला, एवढंच म्हणायला हवं.

एक गोष्ट आठवते. पहिल्यांदा मॅनहॅटन लावून प्रोग्राम चालवला तेव्हा एका मांडणीला जोडीदाराने हातानं सोडवल्यापेक्षा दोन चाली जास्त लागल्या. मी म्हटलं, "जाऊ दे ना, सुटलं तर खरं."

"सुटलं नाय रे शेट. ए-स्टारने सगळ्यांत छोटाच रस्ता द्यायला पाहिजे. मोठा दिला म्हणजे अंदाज कुठेतरी बढाया मारतोय."

अर्ध्या तासाने त्याने मांडीवर थाप मारली. "मी रिकामी जागा पण फरशी म्हणून मोजत होतो. हे बघ. शेवटची एकच चाल राहिली असेल तर एकच फरशी एकच घर लांब असते. पण रिकामीचं घर धरलं तर दोन होतात. चाल एक, अंदाज दोन. झाली ना बढाई?"

"मग?"

"मग रिकामीला मोजायचंच नाय. अंदाज कमी सांगेल तर चालेल, जास्त कधी सांगता कामा नये. मासळी आणायला जाताना बाबा बोलतात ना, पाणी निदान एवढं असेल. निदान. तसं."

त्याने ती ओळ बदलली आणि प्रोग्राम बरोबर चालायला लागला. त्याने आणखी एक छोटी सोय केली होती: सोडवलेल्या मांडणीपासून उलटं जायचं, म्हणजे प्रोग्रामने स्वतःच फरश्या इकडेतिकडे सरकवून एक विस्कटलेली मांडणी तयार करायची. तिला तो 'ढवळणं' म्हणायचा. "ढवळून घे, मग सोडव," असं त्याने मला दोनदा सांगितलं. का, ते विचारावंसं मला वाटलं नाही.

कामाची वाटणी अशी ठरली की प्रोग्राम त्याचा, रीडिंग्ज माझी. दहा मांडण्या घ्यायच्या, प्रत्येक दोन्ही अंदाजांनी सोडवायची, किती चाली लागल्या आणि किती स्थिती उघडाव्या लागल्या ते तक्त्यात भरायचं.

लॅबमध्ये मला एका सकाळपुरतं मशीन मिळालं. पहिल्या सहा मांडण्या सुरळीत झाल्या. चार चालींच्या सोप्या मांडणीत दोन्ही अंदाज सारखेच धावत. फरक एकदोन स्थितींचा. चौदा चालींपाशी मात्र भोळ्या अंदाजाने पाचशेच्या वर स्थिती उघडल्या आणि मॅनहॅटनने शंभरच्या आसपास. मी खूश झालो. सातव्या मांडणीला भोळा अंदाज लावला आणि आकडा चढायला लागला. हजार. दीड हजार. आमची मशीनं तेव्हाची, मेमरी तुटपुंजी. शिवाय प्रत्येक नवी स्थिती आधी येऊन गेली का ते सगळ्या यादीत शोधायचं, त्यामुळे आकडा चढेल तसा चढण्याचा वेग मंदावत जायचा. वीस मिनिटं झाली. लॅब असिस्टंट किल्ल्या वाजवत येऊन उभा राहिला. "चला, आटपा. पुढची बॅच आलीय."

मी मशीन बंद केलं.

आता आमच्या कॉलेजची एक रीत सांगायला हवी. पहिल्या वर्षी फिजिक्सच्या लॅबमध्ये आम्ही लंबकाची रीडिंग्ज शिजवायला शिकलो होतो. शिजवणं हाच शब्द. उत्तर काय यायला हवं ते माहीत असायचं, मग उलटं गणित करून आकडे लिहायचे, थोडे मुद्दाम वाकडे, म्हणजे खरे वाटतात. सगळे शिजवायचे. सर सही करायचे. लंबकाच्या बाबतीत ते चालतं, कारण लंबक कुठलाही आकडा देऊ शकतो. थोडा इकडे, थोडा तिकडे. त्या दुपारी मेथीसमोर बसून मी तेच केलं. सात ते दहा, चार ओळी. मांडण्या मनाने लिहिल्या. आकडे पहिल्या सहा ओळींच्या चढाकडे बघून पुढे ओढले. नवव्या ओळीत लिहिलं: चाली वीस, भोळ्या अंदाजाने दोन हजार एकशे चाळीस, मॅनहॅटनने सहाशे बारा. बाराच्या ऐवजी आधी दहा लिहिलेले. दहा फार गोल वाटले.

दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "सगळे रन झाले?"

"झाले."

"सातच्या पुढचे पण? भोळ्याने मेमरी नाय खाल्ली?"

"खाल्ली थोडी. पण झाले."

"भारी," तो म्हणाला, आणि तक्ता स्वतःच्या जर्नलमध्ये जसाच्या तसा उतरवून घेतला. आमच्या सरांनी दोन्ही जर्नलांवर, चाळीस इतर जर्नलांसारखीच, न वाचता सही केली.

तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेरून परीक्षक यायचे. त्यांना एक्स्टर्नल म्हणायचे, आणि त्या शब्दालाच आम्ही घाबरायचो. सकाळी कॉलेजच्या पायऱ्यांवर बातमी पसरली की हे एक्स्टर्नल जर्नल उघडून त्यातलीच एखादी गोष्ट मशीनवर करून दाखवायला सांगतात. आधीच्या बॅचमधली एक मुलगी बाहेर आली ती डोळे पुसत. "माझ्या आउटपुटमधली तिसरी ओळ परत काढून दाखव म्हणाले. आली गं नशिबाने."

जोडीदार माझ्या शेजारी बसून बहिणीने दिलेली भाकरी खात होता. तांदळाची भाकरी आणि सुकट. त्याने अर्धी मला दिली. मी ती हातात घेऊन बसलो.

"काय रे, पांढरा का पडलास? आपला प्रोग्राम तर रॉकेटसारखा पळतो. काय पण सांगू देत."

तेव्हा सांगायला हवं होतं. शेवटच्या चार ओळी मी मनाने भरल्यात, एवढं एक वाक्य. तो चिडला असता, दोन शिव्या घातल्या असत्या, आणि मग कदाचित आत जाऊन म्हणाला असता, सर, वेळ पुरला नाही, सहाच रीडिंग्ज खरी आहेत. सहा पुरली असती. मला आज हे अगदी स्पष्ट दिसतं. त्या वेळी फक्त एवढं दिसत होतं की सहा म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग या चार कोणी लिहिल्या. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणालो, "काही नाही. ऊन लागलं."

त्याचा नंबर माझ्या आधी. आमच्याकडे ज्याचा नंबर त्याच्यामागचा मुलगा लॅबच्या आत, दाराजवळच्या स्टुलावर बसून राहायचा. त्यामुळे पुढचं सगळं मी पाहिलं. बोलणं अर्धंमुर्धं ऐकू येत होतं, पण पडदा पूर्ण दिसत होता.

एक्स्टर्नल साठीच्या आसपासचे, बुशशर्ट घातलेले, आवाज बारीक. ते ओरडणारे नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"प्रोग्राम कोणी लिहिला?"

"दोघांनी, सर."

"रीडिंग्ज?"

"दोघांनी मिळून घेतली, सर."

त्यांनी बोट तक्त्यावरून खाली नेलं. मी त्या बोटाकडे बघत होतो. ते तिसऱ्या ओळीपाशी रेंगाळलं. मी मनात म्हटलं, थांब. ते पुढे सरकलं. सहाव्यापाशी पुन्हा थांबल्यासारखं वाटलं. मग सरळ खाली.

"हे नववं चालवून दाखव. मॅनहॅटन लाव, पटकन होईल. सहाशे बाराच तर आहेत."

त्याने आकडे टाइप केले. पाच एक आठ, तीन शून्य सहा, दोन सात चार. एंटर दाबून हात मांडीवर ठेवून बसला, जसा तो नेहमी बसायचा. पडद्यावर उघडलेल्या स्थितींचा आकडा शंभराशंभराने वाढू लागला. पाचशे. सहाशे. सातशे.

तो थोडा पुढे वाकला.

नऊशे. बाराशे. मला वाटत होतं, होईल, आत्ता होईल, आकडा जुळणार नाही पण निदान सुटेल. मग म्हणता येईल की लिहिताना चूक झाली. दोन हजार. आकडा आता अडखळत चढत होता. एक्स्टर्नलने घड्याळ पाहिलं. तीन हजारांच्या पुढे कधीतरी मेमरी संपल्याचा संदेश आला आणि प्रोग्राम बंद पडला.

"परत चालवू का, सर?"

"चालव."

तेच. पुन्हा मेमरी संपली. आणि मग मी जे पाहिलं ते मला अजून दिसतं. त्याने प्रोग्राम उघडला आणि एक्स्टर्नलच्या समोर, कपाळ जवळजवळ पडद्याला लावून, स्वतःच्या ओळी तपासायला लागला. त्याला वाटलं चूक त्याची आहे. तक्त्यात सहाशे बारा लिहिलेत म्हणजे एकदा तरी सहाशे बारा आले असणार; माझ्यावर शंका त्याच्या मनाला शिवलीच नाही. "अंतर मोजताना काहीतरी... नाही, हे बरोबर आहे. सर, एक मिनिट. सर, यादीत कदाचित..." बोलता बोलता त्याची बोली बाहेर येऊ लागली. "सर, मना... मला जरा बघू द्या."

"राहू दे," एक्स्टर्नल म्हणाले. त्यांनी कागदाच्या तुकड्यावर पेन्सिलीने काहीतरी मोजलं, बराच वेळ तक्त्याकडे पाहिलं, आणि आपल्या यादीत लिहिलं. त्याला काही सांगितलं नाही. "जा. पुढच्याला पाठव."

तो माझ्या जवळून गेला तेव्हा त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. थंड होता.

मी खुर्चीत बसलो. एक्स्टर्नलने तो पेन्सिलीचा कागद उलटा घालून ठेवला.

"तुमचं जर्नल तेच आहे ना? मग तुम्ही सांगा. यातलं कोणी काय केलं?"

त्यांनी मला 'तुम्ही' म्हटलं. त्याला 'तू' म्हटलं होतं. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि मला धीर आला, हेही कबूल करतो.

"प्रोग्राम मी लिहिला, सर," मी म्हणालो. "रीडिंग्ज त्याने घेतली."

ठरवून आलो नव्हतो. तोंडातून गेलं. पण गेल्यावर मी ते परत घेतलं नाही, आणि पुढची दहा मिनिटं त्याला धरूनच बोललो.

"असं. मग या नवव्यात किती फरश्या चुकीच्या जागी आहेत?"

"सात, सर. फक्त सहा आपल्या जागी आहे."

"आणि मॅनहॅटन?"

मी बोटांवर मोजलं. पाचची फरशी दोन घरं लांब, एकची एक, आठची तीन, तीनची तीन, सहाची शून्य, दोनची तीन, सातची एक, चारची तीन. "सोळा."

"कुठला अंदाज बरा?"

"मॅनहॅटन. चुकीच्या जागी असलेली फरशी निदान एक घर तरी लांब असतेच, म्हणून मॅनहॅटन पहिल्यापेक्षा कधी कमी येत नाही. आणि एका चालीत एकच फरशी एकच घर सरकते, म्हणून खऱ्या चालींपेक्षा जास्तही येत नाही. खऱ्याच्या जास्त जवळ असल्यामुळे कमी स्थिती उघडाव्या लागतात. रस्ता दोघांचाही सगळ्यांत छोटाच निघतो."

"रिकाम्या जागेचं अंतर धरलंत का?"

"आधी चुकून धरलं होतं, सर. मग शेवटच्या एका चालीला अंदाज दोन यायला लागला. तेव्हा चूक कळली."

ते पहिल्यांदा हसले. "शाबास. हे सहसा मुलांच्या लक्षात येत नाही."

मग त्यांनी तो कागद उलटला. "आता गंमत बघा. आकडे एका ओळीत लिहा, रिकामी जागा सोडून. पाच, एक, आठ, तीन, सहा, दोन, सात, चार. पाचच्या पुढे पाचहून लहान किती?"

"एक, तीन, दोन, चार. चार."

"आठच्या पुढे?"

"पाच."

तीनच्या पुढे एक, सहाच्या पुढे दोन, सातच्या पुढे एक. बेरीज तेरा.

"फरशी आडवी सरकली तर हा क्रम बदलतच नाही. उभी सरकली तर ती बरोबर दोन फरश्यांवरून उडी मारते, म्हणजे ही बेरीज एक तर तेवढीच राहते नाहीतर दोनाने कमीजास्त होते. सम असेल ती समच राहणार, विषम ती विषमच. सोडवलेल्या मांडणीत बेरीज शून्य. तेरातून शून्यावर कसे जाल?"

मी मनात दोनदोन वजा करत एकावर येऊन थांबलो.

"जाता येत नाही. या मांडणीला उत्तरच नाही. मनाने आकडे लिहिलेत तर निम्म्या वेळा असंच होणार. तुमचा प्रोग्राम उत्तम आहे. त्याने नसलेलं उत्तर दिलं नाही. पण तुमच्या मित्राने वीस चालींत सोडवून दाखवलंय." त्यांनी जर्नल मिटलं. "प्रोग्रामला जमलं नाही तर मी समजून घेतो. खोटं रीडिंग नाही. तुम्ही जोडीदार जपून निवडा."

"हो, सर," मी म्हणालो.

बाहेर तो जिन्याच्या कठड्याला टेकून उभा होता. मी येताच पुढे आला.

"सॉरी रे. माझा प्रोग्राम ऐनवेळी झोपला. तुझं पण वाटोळं केलं ना मी?"

मी काय बोललो ते आठवत नाही. काहीतरी बोललो. त्याने मला चहा पाजला.

निकाल लागला तेव्हा मी पास होतो, त्या प्रॅक्टिकलला वर्गातल्या पहिल्या तीनात. तो त्या एका प्रॅक्टिकलमध्ये नापास. कंपनीने पत्र रद्द केलं. त्याच आठवड्यात मी त्याच्या गावी गेलो, सांगायचं असं ठरवून. रिक्षातून उतरून घरापर्यंत येईस्तोवर वाक्य तोंडात तयार होतं. दारात त्याची बहीण होती. "ये रं, बस. बघ ना त्याचे काय चाललंय. जेवत नाय का काय नाय."

आत तो जमिनीवर बसला होता. सभोवती प्रोग्रामची छापील पानं, लांबच लांब, भोकाभोकांच्या कडांची. प्रत्येक ओळीवर पेन्सिलीची टिंबं. तो प्रोग्रामची चूक शोधत होता. नववी मांडणी त्याने पुठ्ठ्याचे चौकोन कापून बनवली होती आणि प्रोग्राम करेल तसं हातानं एकेक पाऊल चालवून बघत होता.

"कुठेतरी आहे," तो म्हणाला. "सहाशे बारावर सुटलेलं ना तुझ्यासमोर? मग माझ्याकडे का सुटत नाय? त्या दिवशी तू कुठली फ्लॉपी वापरलेलीस? जुनी होती का?"

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्याच्या प्रोग्राममध्ये चूक नाही, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

"आठवत नाही रे," मी म्हणालो. "जुनी असेल."

मग मला फार भीती वाटली. तो चूक शोधत राहिला तर कधीतरी तिथवर पोचेलच, याची. त्याच्या नापास होण्यापेक्षा मला ती भीती मोठी होती, हे लिहायला हात जड जातो. मी चहा न घेता उठलो. पुढे मी त्याच्याकडे जाणं टाळलं. कल्याणच्या बाजारात त्याची बहीण ज्या बाजूला बसायची ती बाजू टाळली. दाराची बेल वाजली की आधी खिडकीतून खाली बघायचो. मला नोकरी लागली, पगार आला, आईने पेढे वाटले, आणि मी खिडकीतून बघतच होतो.

सहा महिन्यांनी त्याचं ते प्रॅक्टिकल सुटलं. मुंबईची नोकरी गेली ती गेली. डोंबिवलीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये तो शिकवायला लागला. दोनेक वर्षांनी तिथूनच आमच्या घरी फोन आला. "सापडली," एवढंच म्हणाला. "क्लासवर ये. दुपारी कोणी नसतं."

मी गेलो. न जाऊन भागलं नसतं. जिना चढताना कठडा धरला.

त्याच्यासमोर नवं मशीन होतं, आमच्या लॅबपेक्षा कितीतरी मोठ्या मेमरीचं. "बस. सोडवायच्या ऐवजी उलटं केलं. सोडवलेल्या मांडणीपासून सुरू केलं आणि जिथे जिथे जाता येतं ते सगळं काढलं. एकूण मांडण्या होऊ शकतात तीन लाख बासष्ट हजार आठशे ऐंशी. मिळाल्या बरोबर निम्म्या. एक लाख एक्याऐंशी हजार चारशे चाळीस." त्याने कळ दाबली. "आणि यात आपली नववी नाही. कुठेच नाही. माझ्या ढवळण्याने ती कधी येऊच शकली नसती."

तो माझ्याकडे वळला. "कुठून आणलीस?"

"डोक्यातून," मी म्हणालो. "शेवटच्या चार. मशीन मिळालं नाही. मी शिजवल्या."

मी खाली बघत होतो. मला वाटलं आता हात उचलेल. पण त्याने इतका मोठा श्वास सोडला की मी मान वर केली. त्याचे डोळे भरले होते आणि तो चक्क हसत होता.

"म्हणजे माझा प्रोग्राम बरोबर होता."

"हो."

"पहिल्यापासून."

"हो रे."

"साल्या, आधी बोलायचं ना. दोन वर्षं मी स्वतःला ढ समजत होतो." त्याने माझ्या पाठीत एक गुद्दा घातला, लागेल असा, पण दोस्तीतला. मग खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. खाली रस्त्यावर भाजीवाल्याशी कोणीतरी हुज्जत घालत होतं. तिकडे बघतच त्याने विचारलं, "एक्स्टर्नलने तुला काय विचारलेलं रे आत?"

"तेच. मॅनहॅटन, चुकीच्या जागच्या फरश्या."

"मला विचारलेलं, प्रोग्राम कोणी लिहिला. मी बोललो, दोघांनी. तुला नाय विचारलं?"

"नाही," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि विषय संपला. नंतर त्याने स्वतःचा क्लास काढला, चांगला चालवला. माझ्या लग्नात तो सहकुटुंब आला होता, बहिणीसह. आमचं येणंजाणं आहे. शिजवलेल्या ओळींबद्दल त्याने मला केव्हाच माफ केलंय आणि चारचौघांत त्यावरून चिडवतोही. तो हसतो तेव्हा मीही हसतो, आणि प्रत्येक वेळी आतून गार पडतो, कारण त्याने माफ केलंय ते अर्धंच त्याला माहीत आहे.

हे कागद मी त्याला स्वतः नेऊन देणार आहे. बायको म्हणाली, मी येते बरोबर. मी नको म्हटलं. तो वाचत असताना मला तिथे बसायचं आहे, आणि त्याचीच मला भीती वाटतेय.

मला विचारलं होतं. मी म्हणालो, प्रोग्राम मी लिहिला आणि रीडिंग्ज तू घेतलीस.